आम्ल, अस्तर आणि जंतू

१९७९ सालचा जून महिना. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पर्थ शहरात, रॉयल पर्थ हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात रॉबिन वॉरन नेहमीसारखे सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. समोरच्या काचपट्टीवर एका रुग्णाच्या जठराच्या अस्तराचा इवलासा तुकडा होता. अस्तराला चांगलीच सूज होती आणि पांढऱ्या पेशींनी तिथे गर्दी केली होती. यात नवल काही नव्हते. वॉरन यांची नजर खिळली ती अस्तराच्या अगदी पृष्ठभागावर दिसणाऱ्या निळसर रेघेवर. भिंगाची ताकद वाढवली तेव्हा त्या रेघेत वाकड्या, नागमोडी आकाराचे असंख्य जंतू दाटीवाटीने चिकटलेले दिसले. सहकाऱ्यांना ते पटेना. मग वॉरन यांनी तोच तुकडा चांदीच्या क्षारांनी रंगवून घेतला. जंतू काळेभोर उठून दिसले आणि वाद मिटला.

जंतू आहेत एवढे मान्य झाले, पण त्यांना महत्त्व द्यायला कोणी तयार नव्हते. जठरात जंतू राहूच शकत नाहीत, असे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जात होते. जठरातल्या पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात आणि उपाशीपोटी त्याचा पीएच एक ते दोनच्या आसपास असतो. अन्नाबरोबर गेलेले बहुतेक जंतू त्यात मरतात. १९५४ मध्ये एडी पामर या अमेरिकी डॉक्टरांनी हजाराहून अधिक रुग्णांच्या जठराचे तुकडे तपासून तिथे जंतूंची वस्ती नसल्याचा निर्वाळा दिला होता. त्याआधी, १९४० मध्ये, बोस्टनच्या स्टोन फ्रीडबर्ग यांना शस्त्रक्रियेत काढलेल्या बऱ्याच जठरांमध्ये असे जंतू दिसले होते. पण इतरांना ते सापडेनात, तेव्हा त्यांनी तो विषय सोडून दिला. पामर यांनी वापरलेल्या नेहमीच्या रंगात हे जंतू सहज नजरेत भरत नाहीत. फ्रीडबर्ग यांनी चांदीचा रंग वापरला होता. पंचवीस वर्षे हा प्रश्न अडून राहण्याचे एक मोठे कारण एवढेच होते.

दुसरे कारण अधिक खोलवर होते. अल्सर कशाने होतो याचे उत्तर आपल्याला मिळाले आहे, अशी सर्वांची खात्री होती.

आम्लाचे राज्य

१९१० साली कार्ल श्वार्झ या क्रोएशियन शल्यविशारदांनी एक सूत्र मांडले. जिथे आम्ल नाही, तिथे अल्सर नाही. ज्यांच्या जठरात आम्ल तयारच होत नाही अशांना जठराचा किंवा ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाचा, पेप्टिक अल्सर जवळजवळ कधी होत नाही. हे निरीक्षण आजही खरे आहे. पण त्यावरून पुढच्या पिढ्यांनी काढलेला निष्कर्ष एकांगी होता. अल्सर म्हणजे आम्लाचा आजार, आणि उपाय म्हणजे आम्ल कमी करणे.

शल्यविशारद जठराचा मोठा भाग कापून टाकू लागले. १९४३ मध्ये शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराला आम्ल स्रवण्याचा हुकूम देणारी व्हेगस मज्जातंतूच कापायला सुरुवात केली. रुग्णांना दूध, पातळ भात आणि मसालेवर्ज्य जेवणावर ठेवले जाई, आणि चिंता करू नका असे सांगितले जाई. आपल्याकडेही अल्सरचा शोध आहाराच्या अंगाने घेतला गेला. रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये देशाच्या वेगवेगळ्या भागांतील रेल्वे कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरेपेक्षा दक्षिणेत अल्सर कितीतरी जास्त आढळतो, असे त्यांना दिसले. त्याचा संबंध त्यांनी जेवणाशी, चावून खाण्याशी आणि लाळेशी जोडला. हातात जी साधने होती त्यांनी याहून पुढे जाणे अवघड होते.

मग १९७६ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन बाजारात आले. जठरातल्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींना हिस्टामिनचा इशारा पोहोचू न देणारी ही गोळी होती. चार ते आठ आठवड्यांत बहुतेकांचा अल्सर भरून येई. हजारो रुग्णांची शस्त्रक्रिया टळली. पण गोळी थांबवली की वर्षभरात बहुसंख्य रुग्णांचा अल्सर परत उघडत असे. त्यामुळे गोळी कायमची चालू ठेवायची हाच रिवाज पडला.

या चित्रात दोन गोष्टी बसत नव्हत्या. ड्युओडेनमचा अल्सर असलेल्या अनेकांमध्ये आम्ल जास्त असे खरे, पण सगळ्यांमध्ये नसे. आणि जठराच्या अल्सरच्या रुग्णांमध्ये ते बहुधा नेहमीएवढे किंवा कमीच असे. आम्ल हाच गुन्हेगार असेल, तर कमी आम्लातही जखम कशी होते?

अस्तर स्वतःला कसे वाचवते

उलट बाजूने पाहिले तर प्रश्न असा होतो की इतक्या तीव्र आम्लात जठर स्वतःच का पचून जात नाही. जठराच्या आतल्या पृष्ठभागावरच्या पेशी सतत घट्ट, बुळबुळीत श्लेष्मा स्रवतात आणि त्याच्या आत बायकार्बोनेट सोडत राहतात. त्यामुळे जठराच्या पोकळीत पीएच एक-दोन असतानाही, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीच्या त्या थरातून खाली पेशीपर्यंत गेलो की तो जवळजवळ सातपर्यंत चढलेला असतो. पेशींना तिथे फारसे आम्ल जाणवतच नाही. त्याखाली रक्ताचा भरपूर पुरवठा असतो, जो झिरपून आलेले आम्ल वाहून नेतो. आणि पृष्ठभागावरच्या पेशी काही दिवसांतच गळून नव्या येतात. ही सारी व्यवस्था प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या रसायनांच्या इशाऱ्यावर चालते.

ती बिघडली तर काय होते हे मिशिगनच्या होरेस डेव्हनपोर्ट यांनी १९६४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले. जठराच्या पिशवीत त्यांनी आम्ल ठेवले, तेव्हा ते आतच राहिले. ॲस्पिरिनच्या जातीचे द्रव्य त्यात मिसळताच आम्ल अस्तरातून उलटे आत शिरू लागले, पेशी मेल्या आणि रक्तस्राव झाला. आम्ल तेवढेच होते, बदलला होता तो अडथळा. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले की ॲस्पिरिन आणि त्यासारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लॅंडिनचे उत्पादनच रोखतात. गुडघेदुखीसाठी महिनोन् महिने अशा गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीला अचानक काळी शौच होते, रक्ताची उलटी होते, त्यामागे हीच यंत्रणा असते. आधी फारसे दुखलेलेही नसते, कारण त्याच गोळ्या वेदना दाबून ठेवतात.

म्हणजे आम्ल आणि अस्तर यांची दुहेरी बाजू सत्तरच्या दशकातच ठाऊक झाली होती. पण ॲस्पिरिन न घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचे अस्तर कशाने दुबळे होते, हे कोडे उरलेच होते. त्याच वेळी पर्थमध्ये वॉरन काचपट्ट्या गोळा करत होते.

ईस्टरच्या सुट्टीत उगवलेले जंतू

१९८१ मध्ये बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर प्रशिक्षणासाठी पोटविकार विभागात आला आणि वॉरन यांच्याबरोबर काम करू लागला. १९८२ मध्ये दोघांनी एंडोस्कोपीसाठी आलेल्या शंभर रुग्णांचा अभ्यास आखला. प्रत्येकाच्या जठरातून दोन तुकडे घ्यायचे, एक सूक्ष्मदर्शकासाठी आणि एक जंतू वाढवण्यासाठी. कोणाला अल्सर आहे हे तुकडे पाहणाऱ्याला माहीत नसावे अशी काळजी घेतली होती.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसत, पण प्रयोगशाळेतल्या बशीत काही उगवत नसे. एकामागून एक नमुने रिकामे जात राहिले. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे दोन दिवसांत काही उगवले नाही की बशी फेकून देत. एप्रिलमधल्या ईस्टरच्या लांब सुट्टीत एका रुग्णाचा नमुना उबवणीपेटीत तसाच राहून गेला. सुट्टीनंतर मंगळवारी पाहतात तर बशीवर पारदर्शक थेंबांसारख्या वसाहती उमटल्या होत्या. हा जंतू फार सावकाश वाढतो, त्याला हवेतला ऑक्सिजन कमी लागतो, आणि दोन दिवस त्याला पुरत नाहीत. पुढे चार-पाच दिवस वाट पाहण्याची पद्धत पडली आणि इतरांनाही तो वाढवता आला.

शंभर जणांचे निकाल जुळवले तेव्हा सूज आणि जंतू यांचे नाते ठळक दिसले. ज्यांच्या अस्तरात जोरदार सूज होती त्यांच्यात जंतू जवळजवळ सर्वत्र होते. ड्युओडेनमचा अल्सर असलेले १३ रुग्ण होते आणि त्या १३ जणांच्याही जठरात जंतू सापडले. जठराचा अल्सर असलेल्यांतही बहुतेकांमध्ये सापडले, आणि ज्यांच्यात सापडले नाहीत त्यांच्या बाबतीत वेदनाशामकांचा संशय घेण्यास जागा होती. १९८३ मध्ये दोघांची दोन पत्रे आणि १९८४ मध्ये सविस्तर लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. पण आक्षेप तयार होता. सुजलेल्या अस्तरावर जंतू नंतर येऊन बसले असतील, सूज त्यांनीच आणली कशावरून?

मार्शल यांचे स्वतःचे जठर

या आक्षेपाचे उत्तर प्राण्यांवरच्या प्रयोगांतून मिळेना. मार्शल यांनी डुकरांच्या पिलांना संसर्ग करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. मग १९८४ च्या मध्यात त्यांनी स्वतःची एंडोस्कोपी करून घेतली. अस्तर निरोगी असल्याची आणि जंतू नसल्याची खात्री झाली. ज्या रुग्णाचा जंतू घ्यायचा होता त्याच्यातला संसर्ग औषधांनी जातो हेही आधी पाहून ठेवले होते. ठरलेल्या दिवशी त्यांनी आधी सिमेटिडीन घेतले, म्हणजे जंतू जठरात पोहोचतील तेव्हा आम्ल कमी असेल. मग पोषक द्रवात कालवलेले सुमारे १०० कोटी जंतू पिऊन टाकले. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते.

पुढचे दोन आठवडे या विषयाचा गाभा दाखवतात, म्हणून ते जवळून पाहण्यासारखे आहेत.

पहिले काही दिवस फक्त पोट भरल्यासारखे वाटत होते. आठवडा संपता संपता मळमळ आणि पहाटेच्या उलट्या सुरू झाल्या. श्वासाला घाण येते, हे पत्नी एड्रिएन यांच्या लक्षात आले. उलटीतून पडणारा द्रव पाण्यासारखा होता आणि त्यात आम्ल नव्हते. जठराच्या दाहाने आम्ल वाढते असे कोणी गृहीत धरले असते तर इथे नेमके उलटे घडत होते. दहाव्या दिवशी पुन्हा एंडोस्कोपी झाली. अस्तर सुजले होते, पांढऱ्या पेशी घुसल्या होत्या, पृष्ठभागावरच्या पेशींमधला श्लेष्मा आटला होता आणि त्यांना जंतू चिकटून बसले होते. चौदाव्या दिवशी तिसऱ्या तपासणीत सूज बरीच ओसरलेली दिसली. तरीही खबरदारी म्हणून मार्शल यांनी जंतुनाशक औषध घेतले.

उलटीतल्या त्या आम्लरहित पाण्याला एक जुना दाखला होता. काही वर्षांपूर्वी डॅलसमध्ये आम्ल मोजण्याच्या प्रयोगांत भाग घेणाऱ्या ३७ निरोगी स्वयंसेवकांपैकी १७ जणांचे जठर अचानक आम्ल स्रवायचे थांबले होते, आणि काही महिने थांबलेलेच राहिले होते. १९७९ मध्ये तो वृत्तांत छापून आला तेव्हा कारण उमगले नव्हते. नंतर साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून कळले की एकामागून एक व्यक्तींवर वापरल्या गेलेल्या उपकरणांतून हाच जंतू पसरला असावा. संसर्ग नवा असतो तेव्हा अस्तरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशी दबून जातात आणि जंतूला स्थिरावायला वेळ मिळतो.

तो स्थिरावतो कसा, हेही हळूहळू कळत गेले. त्याच्याकडे युरिएज नावाचे विकर भरपूर असते. जठरात नेहमी थोडा युरिया असतो. युरिएज त्याचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन करते, आणि अमोनिया जंतूच्या भोवतीचे आम्ल शमवतो. बाहेर आम्ल वाढले की जंतूच्या आवरणातली युरिया आत घेणारी वाट उघडते, आम्ल कमी झाले की ती मिटते, कारण आम्ल नसताना अमोनिया साचला तर तो जंतूलाच मारक ठरेल. अमोनियामुळे भोवतालचा श्लेष्मा पातळही होतो. आम्लात तो घट्ट जेलसारखा असतो, आम्ल शमले की सैलावतो, आणि नागमोडी जंतू शेपट्या हलवत त्यातून पार होऊन पेशींजवळच्या सुरक्षित भागात पोहोचतो. अस्तराने स्वतःसाठी बांधलेला निवारा असा जंतूलाही मिळतो.

निदानासाठीही हाच अमोनिया कामी येतो. एंडोस्कोपीत काढलेला तुकडा युरिया असलेल्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जंतू असेल तर अमोनिया तयार होऊन जेल गुलाबी होते, कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत. पण रुग्ण आम्ल दाबणारी जोरदार गोळी घेत असेल तर जंतूंची संख्या घटते आणि खोटा नकार येतो. म्हणूनच डॉक्टर अशी गोळी किमान दोन आठवडे थांबवून मग चाचणी करायला सांगतात.

मार्शल यांना सूज आली, अल्सर नव्हे. त्यांच्या प्रयोगाने साखळीचा पहिलाच दुवा सिद्ध झाला. दुसरा दुवा १९८८ मधल्या चाचणीने जुळला. ड्युओडेनमचा अल्सर आणि जंतू दोन्ही असलेल्या शंभर रुग्णांना वेगवेगळ्या औषधांचे गट देऊन वर्षभर पाहिले. ज्यांच्यात जंतू टिकून राहिले त्यांचा अल्सर ६१ टक्क्यांमध्ये भरला, पण त्यातल्या ८४ टक्क्यांचा परत उघडला. ज्यांच्यातून जंतू गेले त्यांचा ९२ टक्क्यांमध्ये भरला आणि परत उघडण्याचे प्रमाण २१ टक्केच राहिले. आम्ल कमी करण्याने जखम भरते, पण जंतू गेल्याशिवाय ती भरलेली राहत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने संसर्ग असलेल्या प्रत्येक अल्सर रुग्णाला जंतुनाशक उपचार द्यावेत असे जाहीर केले. २००५ मध्ये वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळाले.

ग्लासगोचे उत्तर

जंतूचे अस्तित्व सिद्ध झाल्यावर आम्लाचा सिद्धांत मोडीत निघाला असता तर कहाणी सोपी झाली असती. पण जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या जठरात हा जंतू असतो आणि आयुष्यात अल्सर होतो तो त्यांच्यातल्या दहातल्या एखाद-दुसऱ्यालाच. बाकीच्यांना काहीच का होत नाही? आणि एकाच जंतूने एकाला ड्युओडेनमचा अल्सर, दुसऱ्याला जठराचा, तिसऱ्याला कर्करोग कसा होतो?

याचे उत्तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत केनेथ मॅकॉल आणि इमाद अल-ओमर यांनी नव्वदच्या दशकात शोधले, आणि ते आम्लापाशीच परत नेते. जठराच्या शेवटच्या भागात, ॲंट्रममध्ये, गॅस्ट्रिन हे संप्रेरक बनते. ते रक्तातून वरच्या भागात जाऊन आम्ल वाढवते. आम्ल पुरेसे झाले की त्याच भागातल्या दुसऱ्या पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून गॅस्ट्रिनला ब्रेक लावतात. ॲंट्रममध्ये सूज आली की हा ब्रेक सैल होतो. ग्लासगोच्या गटाने जेवणासारख्या उत्तेजनाला मिळणारा आम्लाचा प्रतिसाद मोजला. संसर्ग नसलेल्यांच्या तुलनेत निरोगी पण संसर्ग असलेल्यांमध्ये तो सुमारे तिप्पट आणि ड्युओडेनमच्या अल्सरच्या रुग्णांमध्ये सुमारे सहापट निघाला. संसर्ग घालवल्यावर तो खाली आला.

म्हणजे जंतू जठराच्या तळाशी बसतो आणि आम्ल वाढवून पलीकडच्या ड्युओडेनमवर ओततो. तिथल्या अस्तरावर जास्तीचे आम्ल सतत पडू लागले की त्याचे काही पट्टे जठरासारखे होतात. हा जंतू जठराच्या जातीच्या पेशींवरच राहतो, म्हणून त्या पट्ट्यांवर तो आता वस्ती करू शकतो. वरून आम्ल आणि खालून जंतू अशा दोन्ही बाजूंनी दबलेल्या ठिकाणी अल्सर उघडतो. श्वार्झ यांचे सूत्र इथे अर्थासह खरे ठरते.

सूज वरच्या भागात, जठराच्या मुख्य अंगात पसरली तर चित्र उलटे होते. तिथे आम्ल बनवणाऱ्या पेशीच दबतात, आम्ल घटते, आणि आम्ल घटल्यामुळे जंतूला आणखी वर सरकता येते. वर्षानुवर्षे सुजलेले अस्तर विरळ होत जाते. अशा अस्तरात थोडे आम्लही जखम करायला पुरते, म्हणून जठराचा अल्सर कमी आम्लातही होतो. सत्तरच्या दशकातले ते न सुटलेले कोडे असे सुटले. पुढे याच विरळ झालेल्या अस्तरातून काहींना कर्करोग होतो. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले. ड्युओडेनमचा अल्सर असलेल्यांना जठराचा कर्करोग मात्र क्वचित होतो. कोणाच्या वाट्याला कोणती वाट येते ते जंतूच्या वाणावर, माणसाच्या स्वतःच्या आम्लाच्या पातळीवर आणि दाहाच्या जनुकांवरही अवलंबून असते.

घशाशी येणारे आम्ल

आता छातीतल्या जळजळीकडे आणि घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याकडे वळू. आम्ल तेच, पण इथे जखम होते अन्ननलिकेत, आणि तिच्या अस्तराला जठरासारखे श्लेष्माचे कवच नाही. तिचे खरे संरक्षण म्हणजे खालच्या टोकाचा स्नायूंचा आवळ आणि आलेले आम्ल लाळेने धुऊन खाली ढकलणारी हालचाल. बहुतेक वेळा दोष आम्लाच्या प्रमाणात नसतो. जेवणानंतर जठर फुगले की हा आवळ गिळण्याची क्रिया नसतानाही काही सेकंद सैल पडतो, हे ऐंशीच्या दशकात अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या प्रयोगांतून दिसले. त्यात हायटस हर्निया असेल तर आम्ल सहज वर चढते. म्हणूनच भरपेट जेवून लगेच आडवे होणाऱ्याला हा त्रास जास्त होतो.

इथे जंतूचा वाटा काय? १९९७ मध्ये जर्मनीतल्या योआखिम लाबेन्झ यांनी अनेकांना अस्वस्थ करणारा अहवाल दिला. ड्युओडेनमच्या अल्सरचे रुग्ण उपचारानंतर तीन वर्षे पाहिले, तेव्हा ज्यांचा संसर्ग गेला त्यांच्यात अन्ननलिकेचा दाह सुमारे २६ टक्क्यांना झाला, आणि ज्यांच्यात संसर्ग राहिला त्यांच्यात सुमारे १३ टक्क्यांना. जंतू काढून आपण रुग्णाचे नुकसान तर करत नाही ना, असा प्रश्न उभा राहिला.

त्याचे उत्तरही सूज कुठे आहे यावर अवलंबून आहे. जठराच्या मुख्य अंगात सूज असलेल्याचा संसर्ग गेला की दबलेल्या पेशी पुन्हा काम करू लागतात, आम्ल वाढते, आणि आवळ आधीच सैल असेल तर आतापर्यंत झाकलेला रिफ्लक्स उघडा पडतो. ॲंट्रममध्ये सूज असलेल्याचे आम्ल मात्र संसर्ग गेल्यावर कमी होते, आणि त्याच्या बाबतीत त्रास वाढण्याचे कारण उरत नाही. नंतरच्या अनेक चाचण्या एकत्र पाहता जंतू घालवल्याने रिफ्लक्स वाढतो असे सर्वसाधारणपणे दिसले नाही. जंतू नसणे हे रिफ्लक्सचे कारण नाही. तो फक्त काही जठरांमध्ये आम्ल कमी करून मूळ दोष झाकून ठेवतो.

याची दुसरी बाजूही आहे. रिफ्लक्सचे रुग्ण ओमेप्राझोलच्या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेतात. आम्ल खूप दाबले गेले की जंतू ॲंट्रममधून वरच्या अंगात सरकतो आणि तिथली सूज वाढते. १९९६ मध्ये एर्न्स्ट कैपर्स यांच्या गटाने नेदरलँड्स आणि स्वीडनमधल्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा गोळ्या घेणाऱ्या संसर्गग्रस्तांचे अस्तर विरळ होत गेलेले आढळले, शस्त्रक्रिया केलेल्यांचे नाही. त्या अभ्यासावर वाद झाला, तरी अशा गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागणार असतील तर जंतूची तपासणी करून तो घालवावा, अशीच युरोपातल्या तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. छातीत जळजळ झाली की 'ॲसिडिटी' म्हणून दुकानातून गोळ्यांची पाकिटे आणून महिनोन् महिने घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

भारतात हा जंतू बहुतेकांना बालपणीच लागतो, घरातल्या घरात एकमेकांकडून आणि अस्वच्छ पाण्यातून. जंतू घालवायचा तर दोन किंवा तीन जंतुनाशके आणि आम्ल दाबणारी गोळी चौदा दिवस रोज घ्यावी लागते. या औषधांचा आपल्याकडे भरमसाठ वापर झाल्याने क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोलला दाद न देणारे वाण वाढले आहेत. सातव्या-आठव्या दिवशी बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या की उरलेले जंतू पुढच्या औषधाला अधिक जड जातात. म्हणूनच उपचार संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी, आम्ल दाबणारी गोळी थांबवून, जंतू गेल्याची खात्री श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीने करावी लागते. दुखणे थांबले म्हणजे जंतू गेला असे समजणे चूक आहे, कारण आम्ल कमी झाले की दुखणे थांबतेच.

एका शतकात अल्सरचे कारण आधी आम्ल, मग जंतू असे बदलत गेले, आणि शेवटी आम्ल, अस्तर आणि जंतू या तिन्हींच्या नात्यापाशी येऊन थांबले. आज पोटदुखी घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर विचारतात की दुखणे जेवणाआधी होते की नंतर, रात्री जाग येते का, कोणत्या गोळ्या घेता, शौच काळी होते का, वजन उतरले आहे का, गिळताना अडकते का. काळी शौच, उतरलेले वजन, गिळताना अडकणे किंवा साठीनंतर नव्याने सुरू झालेले दुखणे यांपैकी काहीही असेल तर गोळ्या देऊन वाट न पाहता एंडोस्कोपी करावी. बाकीच्या वेळी आधी जंतूची चाचणी करावी. वेदनाशामके चालू असतील तर ती थांबवावीत किंवा बदलावीत. आणि जळजळ फक्त छातीत असेल, तर जेवणाची वेळ, पोटाचा घेर आणि झोपण्याची पद्धत सुधारल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी कायमचा आराम मिळेल अशी आशा धरू नये, कारण तिथे बिघाड आम्लात नसून त्या आवळात असतो.